चुकून पुसलेलं ऑफिस

रत्नागिरीच्या बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, एका गाळ्यात दीपाली सुर्वेचं ऑफिस आहे. ती बोटीवर जाणाऱ्या मुलांचे ऑनलाइन अर्ज भरते आणि त्यांची सर्टिफिकेटं सांभाळते. वडील स्वतः खलाशी होते. परदेशी बंदरात कागद हरवला की काय हाल होतात हे तिने त्यांच्याकडून ऐकलं होतं. म्हणून प्रत्येकाचे कागद ती स्कॅन करून आपल्या क्लाउडवरच्या खात्यात ठेवायची. ऑफिसचा ईमेलही त्याच खात्यावर, स्वतःच्या डोमेनचा.

मुंबईत नोकरीला असलेला तिचा धाकटा भाऊ विनीत म्हणाला होता, "ताई, याच कंपनीचं नवीन पॅकेज ट्रायलवर घेऊन बघ." तिने दुसरं खातं उघडलं. ते आवडलं नाही, म्हणून एके दुपारी ते बंद करायला बसली. दोन्ही खात्यांना ऑफिसचंच नाव होतं. डेटा जाईल, परत साइन इन करता येणार नाही, अशा सूचना आल्या. ट्रायल खात्यात होतंच काय? तिने एकेक चौकटीत टिक केलं आणि बटण दाबलं.

मग मेल बघायला गेली. पासवर्ड टाकला. असं खातं अस्तित्वात नाही, असं उत्तर आलं. ट्रायल खातं मात्र मजेत उघडत होतं.

त्याच आठवड्यात हर्षद मयेकर यायचा होता. त्याला ऑफिसरच्या परीक्षेचा अर्ज भरायचा होता. तो आधी ज्या कंपनीच्या बोटीवर होता ती कंपनीच बंद पडली होती आणि तिथल्या नोकरीचं, अर्जाला जोडायचं पत्र कंपनीने फक्त दीपालीच्या मेलवर पाठवलं होतं. दुसरी प्रत कुठेच नव्हती.

मदतीचं पान म्हणे, आधी साइन इन करा. साइन इन कुठे करणार? शोधता शोधता ज्यांना साइन इनच करता येत नाही त्यांच्यासाठीचा फॉर्म सापडला. तो भरल्यावर यांत्रिक उत्तर आलं : डोमेन तुमचंच आहे हे सिद्ध करा, त्याच्या सेटिंगमध्ये आम्ही दिलेला कोड टाका. डोमेन दुसऱ्या कंपनीकडून घेतलेलं. तिथे लॉगिन करताना ओटीपी गेला ऑफिसच्या मेलवर. त्याच, पुसलेल्या.

दीपाली खुर्चीत मागे टेकून बसली. दारं सगळी होती, पण एकाची चावी दुसऱ्याच्या आत.

विनीतने फोनवर सांगितलं, "हॅक झालं म्हणून लिही. मग घाबरून धावत येतील."

"आणि मी काही केलं नाही असं लिहू?"

"ताई, तुला खातं हवंय की खरेपणा?"

तिने फोन ठेवला. एव्हाना हर्षद समोर बसला होता. त्याला तिने सगळं सांगितलं. तो रागावला नाही, हेच तिला जास्त लागलं. "बघा ताई, होतं काय ते," एवढंच म्हणून तो हेल्मेट उचलून गेला.

इंग्रजीत लिहायच्या आधी तिने मराठीत कच्चं लिहिलं. "खातं मीच पुसलं, ट्रायलचं समजून. कोणी हॅक केलेलं नाही. त्या दुपारी मी याच ऑफिसच्या इंटरनेटवरून साइन इन केलं होतं. बिलाचा नंबर आणि माझा उद्यम नोंदणीचा दाखला सोबत आहे. डेटा कायमचा जाईपर्यंत मुदत असते असं वाचलं. त्याआधी खातं परत सुरू करावं. माझ्याकडे ज्यांचे कागद आहेत त्यांची यात काही चूक नाही."

तेच इंग्रजीत करून क्लाउडच्या कंपनीला पाठवलं. डोमेनवाल्यांनाही ओळखपत्रासकट लिहिलं की मेल बदलून द्या. मग वाट. रोज फॉर्मचा तक्रार नंबर टाकून बघायचं, रोज तेच : विचाराधीन. गिऱ्हाइकं विचारायची, "तुम्हाला पाठवलेला मेल परत का येतोय?" ती म्हणायची, सर्व्हर दुरुस्तीला आहे. आणि नजर स्क्रीनकडे वळवायची.

डोमेनवाल्यांनी ओळख पटवून मेल बदलला. तिने कोड टाकला. मग पहिल्यांदा माणसाने लिहिलेलं उत्तर आलं : अ‍ॅडमिननेच चुकून पुसलेलं आणि मुदतीतलं खातं आम्ही परत आणू शकतो. तुम्ही हॅक लिहिलं असतं तर प्रकरण आधी चौकशीला गेलं असतं आणि बहुधा मुदत निघून गेली असती.

दुसऱ्या दिवशी खातं उघडलं. हर्षदचं पत्र जागेवर होतं. पण अर्जाची तारीख गेलेली. मधल्या काळात आलेले मेल पाठवणाऱ्यांकडे परत गेले होते, ते आता कधीच येणार नव्हते. त्यात कोणाचं काय होतं, हे तिला कळायला मार्ग नव्हता.

तिने हर्षदला फोन केला. "पत्र मिळालं. परीक्षा मात्र पुढच्या वेळेला."

तो म्हणाला, "तोवर एक ट्रिप मारून येतो ताई. पत्राची प्रिंट काढून ठेवा. मला एक, तुम्हाला एक."