चीक की डाग?

बाबांना आईची किडनी बसवून सहा वर्षं झाली. किडनी टिकवणाऱ्या गोळ्यांमुळे त्यांना शुगर झाली, हाडं ठिसूळ झाली. त्वचेच्या कॅन्सरचीही भीती असते, म्हणून दर महिन्याला मी त्यांचं अंग तपासतो. घरात कॉलेजात गेलेला मी एकटाच.

एकदा ते आमच्या केळीच्या बागेतून आले, तेव्हा त्यांच्या मनगटावर खरखरीत डाग दिसला.

"केळीचा चीक आहे रे," बाबा म्हणाले. "आपल्या जसोंडी गावात बिनडागाचा हात दाखव, शंभर जिलब्या खातो."

"जिलबीचं नावच नको!" आई ओरडली.

चिकाचे डाग मीही लहानपणापासून पाहिलेले, त्यामुळे डॉक्टरांकडे चला म्हणायला कचरलो. आईने मात्र खोबरेल तेल घेतलं; चीक तेलाने निघतो.

"अहो, हात पुढे करा. किडनी माझी आहे, हात दाखवायला लाजता काय?"

तिने घासघास घासलं. बाकीचे डाग गेले. तो एक राहिला.

दुसऱ्याच दिवशी आम्ही डॉक्टरांकडे गेलो. तुकडा तपासला, कॅन्सरच निघाला. पण सुरुवातीचा होता, पूर्ण कापून काढता आला.

आता बाबा बागेत ऊन लागू नये म्हणून लांब बाह्यांचा शर्ट आणि रुंद टोपी घालून जातात. कोणी हसलं, तर म्हणतात, "काय करू, किडनीची मालकीण घरीच असते!"