तंतोतंत तोच सांगाडा

मुलं मोठी झाल्यावर ताई पुन्हा सॉफ्टवेअरच्या नोकरीला लागल्या. पहिलं काम मिळालं, क्लास डायग्रामच्या, म्हणजे प्रोग्रॅमच्या आराखड्याच्या, स्क्रीनशॉटवरून जावा भाषेतल्या कोडचा सांगाडा लिहायचा. त्यांनी जीव ओतला. आराखड्यातली उणे चिन्हाची फील्ड्स, म्हणजे माहितीचे कप्पे, प्रायव्हेट; अधिक चिन्हाच्या मेथड्स, म्हणजे करायच्या क्रिया, पब्लिक. ‘ट्रक’कडून निघालेल्या बाणाचं पोकळ टोक ‘वाहना’ला टेकलं होतं, म्हणून ‘ट्रक एक्स्टेंड्स वाहन’, म्हणजे ट्रक हा वाहनाचाच एक प्रकार.

टीम लीड म्हणाला, “तोच स्क्रीनशॉट मी एआयला दिला होता. चहा येईपर्यंत कोड तयार! जरा तुमच्या कोडशी ताडून बघा.”

एक तरी चूक सापडावी म्हणून ताईंनी ओळन् ओळ ताडली. सापडली नाही.

“बरोबर आहे,” त्या म्हणाल्या.

“मग यापुढे नुसतं तपासत जा. लिहायचं कशाला?”

घरी नवऱ्यानं विचारलं, “जमलं का काम?”

“जमलं की,” त्या म्हणाल्या, आणि पाठ फिरवून भांडी घासायला लागल्या.