त्या अभ्यासात आजी नव्हती

मंजुषा कोणताही कागद शेवटाकडून वाचते, हे मला लय उशिरा कळलं. पूर्ण्यातल्या आमच्या केंद्रात ती न बोलणाऱ्या, आपल्यातच राहणाऱ्या लेकरांना शिकवते. तो इंग्रजी अभ्यास मीच मोबाइलवर शोधला होता. लेकराशी कसं खेळायचं ते आईला शिकवायचं, आईनं रोज अर्धा तास खेळायचं, सहा महिने. फरक पडला, असं वर लिहिलेलं. तेवढंच वाचून मी ऊसतोडीला निघालेल्या प्रियंकाला सांगून मोकळा झालो, "यंदा थांब. शिवकन्या बोलंल."

शिवकन्या तिची लेक, चार वर्षांची. एक शब्द नाही. प्रियंका थांबली तर नवऱ्याचंही जाणं बंद. मुकादमाच्या बोलीत नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि अर्धा कोयता कोणी नेत नाही.

दुसऱ्या दिवशी ती सासूला, गोजरबाईला घेऊन केंद्रात आली. मंजुषानं त्या अभ्यासाचे छापलेले कागद टेबलावर पसरले.

"दादा, फरक कशात पडला ते पाहिलं का?"

"लेकरांत! आणखी कशात?"

"आयांच्या खेळण्यात. त्या लेकराच्या कलानं घ्यायला लागल्या. बोलण्याच्या चाचणीत मात्र शिकवलेल्या अन् न शिकवलेल्या, दोन्ही गटांतली लेकरं सारखीच." तिनं तक्त्यावर बोट ठेवलं. "अन् सहा महिने गावात न राहणारी कुटुंबं आधीच वगळलेली. म्हणजे आपली निम्मी."

माझं डोकं सटकलं. "मग काय हातावर हात ठेवून बसायचं?"

"शिकवायचं. पण बोलंल असा शब्द द्यायचा नाही. तुमी दिला."

प्रियंका मधेच म्हणाली, "ताई, खरं सांगा. मी थांबले तर बोलंल का?"

"सांगता येत न्हाई गं. तुझं-तिचं खेळणं सुधारंल, एवढी आशा हाय. त्या अभ्यासात बोलणं वाढलेलं दिसलं न्हाई."

"अन् आत्याबाई शिकल्या तर?" तिनं सासूकडं बोट केलं.

"त्यात आजी एकही नव्हती."

"आमाला कोन मोजतंय!" गोजरबाई म्हणाली. "मला शिकव तू. मी काय कुठं जायलेय?"

प्रियंका माझ्याकडं बघून म्हणाली, "दादा, मी मुकादमाला 'यंदा येत नाही' असं सांगून आले होते." मग दोघांना परत घे म्हणून त्याच्या पाया पडायला गेली.

दसऱ्यानंतर ऊसतोडीचा ट्रक गेला, त्यात प्रियंका आणि तिचा नवराही. गोजरबाई दर मंगळवारी नातीला घेऊन यायची. मंजुषा शिकवायची, महिन्याला चाचणी घ्यायची, आकडे लिहून ठेवायची. जानेवारीत शिवकन्येनं आजीच्या हातातला चेंडू ओढून घेतला. मी ओरडलो, "बघ! लागू पडलं!"

"वय वाढल्यानंही असंल," मंजुषा वहीतून डोकं वर न काढता म्हणाली. "एका लेकरावरून कसं सांगू?"

तेवढ्यात उसाच्या फडातून प्रियंकाचा फोन आला. "बोलली का?"

"न्हाई," मंजुषानं सांगितलं. "चेंडू ओढायलीय."

"मग तेवढं लिहून ठेवा, ताई," प्रियंका म्हणाली, आणि पलीकडं परत कोयत्याचा आवाज सुरू झाला.