पहिलं नाव

चूक सिस्टरचीच. घरासाठी बँकेत कर्जाच्या कागदांवर सह्या करताना तिने पेन धाकट्या भावापुढे सरकवलं. "तू पुरुष माणूस, पहिलं नाव तुझं." घर दोघांचं निम्मं-निम्मं, कर्जही दोघांच्या नावावर, पण बँकेची सगळी पत्रं पहिल्या नावाच्या ईमेलवर जाऊ लागली.

हप्ता मात्र दरमहा सिस्टरच्या पगारातून कटायचा. व्याज आणि मुद्दल किती फिटलं याचं सर्टिफिकेट भावाकडे यायचं, आणि तो ते आपल्या ऑफिसात देऊन सगळी करसवलत एकटाच लाटायचा. सिस्टरच्या हॉस्पिटलातला पगार क्लार्क दरवर्षी विचारायचा, "सिस्टर, होमलोनचं काही?" ती म्हणायची, "आमच्या घरी ते खातं भाऊ बघतो."

तेही तिने पाच वर्षं गिळलं. पण आपल्या सासरच्या पाहुण्यांपुढे भाऊ टेचात म्हणाला, "घर मीच फेडतोय. ताई राहते आपली, एकटा जीव." सिस्टरच्या हातातला ट्रे हलला नाही. इंजेक्शन देणाऱ्या बाईचा हात असा सहज हलत नाही.

दुसऱ्या दिवशी ती बँकेत गेली. सर्टिफिकेटची प्रत हातात ठेवत क्लार्क म्हणाला, "नावं दोघांची आहेत. कोणी भरलं ते यात नसतं हो. ते तुमच्या खात्याच्या उताऱ्यात दिसेल."

"आणि भरलं नसेल त्याला करसवलत किती?"

"आपल्या हिश्श्याची, तीही स्वतः भरलं असेल तर. नाहीतर शून्य."

सिस्टरला ते शून्य फार आवडलं.

जानेवारीत भावाने वर्षअखेरपर्यंतचा अंदाज दाखवणारं सर्टिफिकेट ऑफिसात दिलं आणि 'सर्व हप्ते मी भरतो' असं लिहून सही केली. ती सही होईपर्यंत ती थांबली. मग पाच वर्षांचा उतारा, घराच्या कागदांची प्रत आणि चार ओळींचं पत्र तिने त्याच्या ऑफिसच्या लेखा विभागात स्वतः नेऊन दिलं. पोच घेतली.

ऑफिसने यंदाची सवलत रद्द केली. फेब्रुवारी-मार्चचा पगार करातच गेला, आणि मागच्या वर्षांचं तुझं तू निस्तर, असं सांगण्यात आलं. सिस्टरने इकडे आपल्या निम्म्या हिश्श्याच्या सवलतीसाठी हॉस्पिटलात सर्टिफिकेट लावलं.

भाऊ तणतणत तिच्या खोलीत आला. "ताई, सख्ख्या भावाचं असं करतात?"

"असं म्हणजे कसं? मी तर खरं लिहिलं."

"मला सांगायचंस तरी."

"पाहुण्यांपुढे सांगणार होते. म्हटलं, तुझी शोभा कशाला."

त्याने हात टेकले. पुढच्या महिन्यापासून निम्मा हप्ता आपल्या खात्यातून जाईल, असं त्याने लिहून दिलं. तेव्हा तिने सर्टिफिकेटच्या प्रतीचं बँकेचं शुल्क निम्मं मागितलं. दीडशे रुपये.

"देतो की," तो म्हणाला.

सिस्टरने कागदाच्या कोपऱ्यात दीडशे लिहून ठेवले. अजून तो 'देतो की'च म्हणतोय.