'शकत नाही'चं 'शकते' झालं

माझ्या मैत्रिणीनं माझा केसानं गळा कापला, आणि तोही माझ्याच दुकानात लिहिलेल्या वाक्यानं.

धामणगाव बढ्यात माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे बॅनर आणि अलीकडे मोबाईलवर टाकायच्या पोस्ट. मैत्रीण बुलढाण्याला असते. ती आरी वर्क शिकवते, म्हणजे फ्रेमवर कापड ताणून हुकाच्या सुईनं ब्लाउजवर जरी-मण्यांचं काम. आम्ही दोघी एकाच शिलाई क्लासच्या. तिचा हात माझ्यापेक्षा कितीतरी सरस, हे मी आजही कबूल करते. आता ती स्वतःला कोच म्हणवते आणि व्हिडिओंचा कोर्स विकते.

नव्या कोर्सची पोस्ट नीट करून घ्यायला ती एका दुपारी दुकानात आली. तिनं लिहिलं होतं, 'तीस दिवसांत घरबसल्या ऑर्डरींचा पाऊस! आज रात्री बारापर्यंतच! फक्त सात जागा!'

"व्हिडिओले कायच्या जागा वं? एस्टी आहे का ते?" मी विचारलं.

ती हसली. "असं लिहिल्याबिगर कोनी येत नाही वं. समदेच लिहून राह्यले."

"बारा वाजल्यावर बंद करतेस का?"

"नाही. उद्या पुन्हा तेच टाकतो."

मी तिला समोर बसवून एकेक विचारत गेले. मागच्या वेळी किती जणी होत्या? बावीस. शेवटपर्यंत किती टिकल्या? नऊ. आणि ऑर्डरी कोण घेतं? तिनं बोटांवर मोजलं. चौघी. त्यातल्या दोघी आधीपासूनच ब्लाउज शिवायच्या. एक मर्यादा मात्र खरी निघाली. रविवारी ती लाइव्ह येऊन प्रत्येकीचे टाके तपासते, तिथं पंधरापेक्षा जास्त जणी तिला झेपत नाहीत.

मग मी लिहिलं: 'या कोर्समध्ये फ्रेम बांधणं, आरीचे मूळ टाके आणि एका बाहीचं पूर्ण काम शिकाल. मागच्या वेळी बावीस जणी होत्या, नऊ जणींनी पूर्ण केलं, चौघी आज ऑर्डरी घेतात. त्यातल्या दोघींना शिलाई आधीच येत होती. ऑर्डरी मिळतीलच असं मी सांगू शकत नाही. व्हिडिओ कधीही घेता येतील, घाई करू नका. रविवारच्या तासाला मात्र पंधराच जणी. पहिले दोन धडे फुकट पाहा आणि मग ठरवा.'

तिनं दोनदा वाचलं. "एकदम खरं वाटते वं," ती म्हणाली. मी खूश झाले. मूर्खच मी. 'वाटते' हा शब्द तेव्हाच खटकायला हवा होता.

दुकानाशेजारी एक भाभी राहतात. घरी मशीनवर शाळांचे गणवेश शिवतात. त्यांना आरीची फार हौस. दुसऱ्या दिवशी त्या दारात उभ्या राहिल्या. "ताई, तुमच्या सहेलीचा कोर्स करू का?" माझ्या हातात लग्नपत्रिकांचं काम होतं. मान वर न करता मी म्हटलं, "भाभी, आज पोस्ट येऊन राह्यली. मीच लिहिली, समदं खरं आहे. वाचा अन् ठरवा."

पोस्ट आली. तिचा फोटो झकास होता, म्हणून मी बघितल्यासारखं केलं आणि लाइक ठोकलं. अक्षर मात्र वाचलं नाही. आपलं लिहिलेलं काय वाचायचं?

चार-पाच दिवसांनी भाभी सांगत आल्या, की त्यांनी कोर्सचे पैसे भरले, या वर्षीच्या गणवेशांना नाही म्हटलं आणि कापडाचे गठ्ठे शाळेला परत केले. "आता ऑर्डरी येतीनच ना, तं दोन्ही कामं कशी होतीन?"

मी पोस्ट उघडली. बावीस गायब होत्या, नऊ गायब होत्या, आधीपासून शिवणाऱ्या दोघीही गायब. चौघी तेवढ्या होत्या. 'घाई करू नका'च्या जागी 'तीनच जागा उरल्या'. आणि मधोमध माझं वाक्य: 'ऑर्डरी मिळतीलच असं मी सांगू शकते.' बाकी सगळी भाषा माझीच, तशीच साधी. त्यामुळेच ते वाक्य पटत होतं. तिची जुनी भडक पोस्ट असती, तर भाभी हसून पुढं गेल्या असत्या.

मी फोन लावला. ती म्हणाली, "एकच तं शब्द बदलला वं. तुह्यामुळंच एवढ्या बाया आल्या." हे तिनं आभार मानल्यासारखं म्हटलं. मी तिला नको नको ते बोलले आणि त्यातल्या एकाही शब्दाचा मला पस्तावा नाही. पोस्टखाली मी खरा मजकूर टाकला. तो तिनं पुसला आणि मला ब्लॉक केलं.

भाभींकडे गेले. शाळेनं काम दुसऱ्याला दिलं होतं. मशीन कापडानं झाकलेलं होतं. मी माझी मूळ ओळ वाचून दाखवली, कुठं काय बदललं ते सांगितलं, सगळा दोष मैत्रिणीच्या माथी मारला.

"ताई," त्या म्हणाल्या, "तुमाले मालूम होतं ना, ऑर्डरीचा भरोसा नाही म्हनून? मंग मी दारात उभी होती तवा तोंडानं काऊन नाही सांगितलं?"