दुधाची पावडर आणि पंचशीला सिस्टर

पंचशीलाचे वडील मुदखेडला रेल्वेत गँगमन होते. घरी दूध यायचं ते चहापुरतं. सातवीनंतर ती नांदेडला वसतिगृहात शिकायला गेली, तेव्हा पहिल्यांदा तिच्या हातात रोज सकाळी पेलाभर दूध आलं. आईला तिनं मोठ्या कौतुकानं पत्रात कळवलंही. पण दूध पिऊन वर्गात बसलं की तासाभरात पोटात गुडगुडायचं, पोट नगाऱ्यासारखं फुगायचं, मग कळ येऊन मागच्या दाराकडं धाव घ्यावी लागायची. चार दिवसांनी तिनं अधीक्षिकाबाईंना सांगितलं. बाई हसल्या.

"दूध पचायला पिढ्यांची सवय लागते गं. तुमच्याकडं कुठली असणार?"

शेजारी उभ्या असलेल्या दोन मुलीही हसल्या. पुढची पाच वर्षं पंचशीला पेला घेऊन खिडकीशी जायची आणि कुणाचं लक्ष नसताना दूध मोरीत ओतायची. कुणी विचारलं तर "मला आवडत न्हाई" म्हणायची. आपल्या अंगातच काहीतरी उणं आहे, आणि ते जातीनं आलंय, अशी एक बोच तिच्या मनात तेव्हापासून राहून गेली. बाबासाहेबांच्या जयंतीला भाषण करणारी, परीक्षेत पहिली येणारी ही मुलगी त्या एका गोष्टीपाशी मात्र गप्प व्हायची.

नर्सिंगचं शिक्षण संपवून ती शिरूर अनंतपाळच्या बाजूला एका उपकेंद्रावर रुजू झाली, तेव्हा लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. पाट्यांवरचा उस्मानाबाद खोडून त्यावर लातूर रंगवलेलं असायचं, आणि कुठला कागद कुठल्या कचेरीत गेला हे कुणालाच धड सांगता यायचं नाही. त्यातच पावसानं पाठ फिरवली. शहाऐंशीच्या उन्हाळ्यात गावाबाहेर पाझर तलावाचं काम निघालं आणि चारशे माणसं मातीकामावर आली.

कामावरच्या बायामुलांसाठी जिल्ह्याहून दुधाच्या पावडरीची पोती आली. दूध करून वाटायचं काम रहमतबीला मिळालं. रहमतबी विधवा होती. तिचा नवरा गावात पिंजारकाम करायचा. हात स्वच्छ, बोलणं मोजकं. पाणी उकळल्याशिवाय ती पावडरीचं पोतं उघडत नसे. हे पंचशीलानं स्वतः उभं राहून बघितलं होतं.

पहिले दोन दिवस वाटी-वाटीच दूध वाटलं होतं. तिसऱ्या दिवशी दोन-दोन पेले दिले आणि कामावर गोंधळ उडाला. सकाळी दूध पिलेल्या तीस-पस्तीस बाया आणि मोठी पोरं दुपारच्या आत पोट धरून बाभळीमागं पळायला लागली. मुकादम बसवंतनं वाटप थांबवलं. गावातले वजनदार शेतकरी गुंडप्पा काठी टेकत आले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "त्या बाईनं काय कालवलंय कुणाला ठावं! तिच्या हातचं बंद करा."

रहमतबीनं हातातला डाव खाली ठेवला, पदर सावरला आणि घरी निघून गेली.

पंचशीला पोचली तेव्हा तिला हे कळलं. तिनं वही काढली आणि एकेकीजवळ बसून विचारायला लागली. किती पिलं? कधी पिलं? ताप हाय का? जुलाबात रक्त पडतंय का? तिसरा प्रहर होईपर्यंत वहीची सहा पानं भरली. एका पोराला सणसणून ताप होता आणि रक्तही पडत होतं. त्याला तिनं मीठ-साखरेचं पाणी पाजत बैलगाडीनं प्राथमिक आरोग्य केंद्रात धाडलं. त्याचा आजार वेगळा होता. तो दूध येण्याच्या आदल्या दिवसापासूनच आजारी होता. बाकी कुणाला ताप नव्हता. सगळ्यांचं दुखणं दूध पिल्यावर तास-दोन तासांत सुरू झालं होतं आणि तोवर आपोआप निवलं होतं. त्याच भांड्यातलं नुसतं पाणी पिलेल्यांना काही झालं नव्हतं. अंगावर पिणाऱ्या, रांगणाऱ्या पोरांनी तेच दूध चाटलं होतं, ती मजेत होती. भाकर कुस्करून घोट-दोन घोट खाल्लेल्या बायांना फार त्रास नव्हता. सरजाबाई म्हणाली, "मी तर घरी नेऊन इरजण लावलं, सिस्टर. सकाळी दही खाल्लं. मला काईच न्हाई झालं."

पंचशीला वहीकडं बघत राहिली. हे दुखणं तिच्या ओळखीचं होतं.

निघताना गुरम्मा भेटली. निलंग्याकडून सासरी आलेली ती पोरसवदा बाई पाच महिन्यांच्या लेकीला कडेवर घेऊन उभी होती. पोरगी भुकेनं रडत होती.

"दूधच बाधतंय म्हणत्यात. मी दुपारपासून अंगावर पाजलं न्हाई. साखरपाणी देऊन राहिले."

"आधी खाली बस, आन् पाज तिला," पंचशीला म्हणाली. "माझ्यासमोर पाज. तुझं दूध तिला बाधणार न्हाई, ही जिम्मेदारी माझी."

का बाधणार नाही हे तिला त्या क्षणी सांगता आलं नसतं. लहानांना आणि मोठ्यांना दूध वेगळं का वागवतं, हे विचारायला दुसऱ्या दिवशी ती आरोग्य केंद्रात डॉक्टर जलील यांच्याकडं गेली. जलील उदगीरचे, शिकले आंबेजोगाईला. वही वाचता वाचता त्यांनी चष्मा काढला.

"सिस्टर, तुम्ही निदान करूनच आलाय. दुधातली साखर असते ना, लॅक्टोज, ती दोन साखरा जोडून झालेली असते. जोडीनं ती आतड्यातून रक्तात जात नाही, आधी तोडावी लागते. तोडायचं काम लॅक्टेज नावाचं एन्झाइम करतं. लहान आतड्याच्या अस्तरावरच्या पेशी ते बनवतात. तान्ह्या बाळात ते भरपूर असतं, कारण त्याचं सगळं अन्नच दूध. अंगावरचं सुटलं की बहुतेकांच्या पेशी ते बनवणं हळूहळू कमी करत जातात. बनवायची कृती, म्हणजे जीन, पेशीत तशीच असते. ती वाचली जाणं कमी होतं, एवढंच."

"आणि न तुटलेली साखर?"

"ती पाणी ओढत पुढं मोठ्या आतड्यात जाते. तिथं बसलेत जिवाणू, कोट्यानं. त्यांना मेजवानीच. ते ती साखर आंबवतात. आंबिलीचं पीठ फुगतं, तसंच. हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड असले वायू निघतात, आम्लं तयार होतात. वायूनं पोट फुगतं, गुडगुडतं, आणि पाण्यानं जुलाब होतात. जहर नाही, रोगही नाही. ज्याच्यात जितकं एन्झाइम उरलंय तितकं त्याला झेपतं. घोटभर चालतो, दोन पेले चालत नाहीत. हां, लहान मुलाला जोराचे जुलाब होऊन गेले की अस्तर सोलवटतं, मग त्यालाही थोडे दिवस वरचं दूध जड जातं. अस्तर भरून आलं की पुन्हा पचतं. पण आईचं दूध तेव्हाही तोडायचं नाही."

पंचशीलानं विचारलं, "डॉक्टर, ह्याचा जातीशी काही संबंध असतो का?" आणि आयुष्यात पहिल्यांदा तिनं वसतिगृहातली ती गोष्ट कुणाला तरी सांगितली.

जलील हसले नाहीत. "जगातल्या निम्म्याहून जास्त मोठ्या माणसांना दूध नीट पचत नाही, सिस्टर. तेच मूळचं आहे. काही घराण्यांत एन्झाइम बनणं मोठेपणीही चालू राहतं, आईबापाकडून मुलांत येतं. उत्तरेकडं असे लोक जास्त, आपल्याकडून खाली दक्षिणेत कमी. सवयीनं पेशी एन्झाइम बनवायला लागत नाहीत. आणि मी? ईदचा शीरखुर्मा वाटीभर खाल्ला की दुपारभर घराबाहेर पडत नाही."

परतीच्या एसटीत पंचशीला खिडकीशी बसली होती. बाहेर तीच करपलेली रानं होती. तिला मात्र खूप वर्षांनी मोकळा श्वास घेतल्यासारखं वाटत होतं. राग आला तो नंतर, गाव जवळ आल्यावर. तो अधीक्षिकाबाईंचा होता आणि थोडा स्वतःचाही, इतकी वर्षं ते खरं मानल्याचा.

ती थेट रहमतबीच्या घरी गेली. रहमतबी म्हणाली, "मेरेकू मालूम था, मैं कुछ नहीं करी. पर आता त्या लोकांत मी कशाला येऊ, बाई?"

"माझ्यासाठी या. मीच दूध पिणार हाय, सगळ्यांसमोर."

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर पंचशीला उपाशीपोटी आली. रहमतबीनं सगळ्यांसमोर पाणी उकळलं आणि निवल्यावर त्यातलं पेलाभर आधी स्वतः पिऊन दाखवलं. मग त्याच पाण्यात पावडर कालवली. दोन पेले पंचशीलानं पिले, दोन बसवंतनं. बसवंतला दूध कधीच बाधलं नव्हतं. तो मिशा पुसत कामाला लागला. पंचशीला घड्याळ लावून बाभळीखाली बसली. पाऊण तासात पोट बोलायला लागलं, आणि जवळ बसलेल्या बायांना ते ऐकूही आलं. दोनदा तिला उठून जावं लागलं. परत आल्यावर ती घाम पुसत म्हणाली, "बघा. एकच पोतं, एकच भांडं. बसवंतभाऊंना काय न्हाई, मला झालं. दोष दुधात न्हाई आन् हातातबी न्हाई."

उरलेल्या दुधाला रहमतबीनं विरजण लावलं. दुसऱ्या दिवशी त्याच दुधाचं दही पंचशीलानं तेवढंच खाल्लं आणि तिथंच बसून राहिली. दुपार झाली तरी ती उठली नाही. दह्यातल्या जिवाणूंनी साखर थोडी आधीच आंबवलेली असते, आणि उरलेली तोडायला त्यांचं स्वतःचं एन्झाइम पोटात कामी येतं, हे तिनं बायांना समजावलं. सरजाबाई मान डोलवत होती, जणू शोध तिनंच लावला होता.

गुंडप्पा लांब दगडावर बसून दोन्ही दिवस बघत होते. शेवटी ते उठून जवळ आले.

"बाई, माझ्या दावणीला तीन म्हशी हायत. पण खरं सांगू? पंधराव्या वर्षापासून मी दुधाचा पेला तोंडाला लावला न्हाई. ताकावर राहतो. पैलवानाच्या घरातला मी, कुणाला सांगायची लाज वाटायची."

बाया हसल्या. गुंडप्पाही हसले. मग रहमतबीकडं वळून ते म्हणाले, "रहमतबी, माझं चुकलं. बोलायच्या आधी इचारायला पायजे होतं."

रहमतबीनं मान हलवली. "बोले सो बोले, काका. आता विरजणाला तुमच्या घरचं ताक धाडा. माझं आंबट झालंय."

दूध दही करूनच वाटावं, असं पत्र जलील यांनी जिल्ह्याला लिहिलं. उत्तर यायला महिना लागला. ते आधी उस्मानाबादला जाऊन आलं होतं. पण तोवर कामावर दूध द्यायचं ते दही-ताक करूनच, भाकरीबरोबर, हे रुळून गेलं होतं. मोठ्या रांजणांत रहमतबी दही लावायची. गुरम्माची पोरगी आईच्या दुधावर गुटगुटीत झाली. ताप आलेला तो पोरगाही आठवड्यानं बरा होऊन परतला. त्याला मात्र पंधरा दिवस वरचं दूध द्यायचं नाही, असं पंचशीलानं त्याच्या आईला बजावलं.

दोन वर्षांनी पंचशीलाची बदली बिलोलीला झाली. तिथल्या पहिल्याच सभेत एका अंगणवाडी सेविकेनं कुजबुजत सांगितलं की आपल्याला दूध चालत नाही, आणि चारचौघांत सांगायची लाज वाटते. पंचशीलानं तिला पुढं बोलावून शेजारच्या खुर्चीवर बसवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मलाबी चालत न्हाई. ये, का ते सांगते."