रेघाताईंनी वाचलेला उतार

सकाळचे साडेआठ. रेघाताई बाल्कनीत ओल्या चादरीचं एक टोक धरून उभ्या होत्या, दुसरं टोक नवऱ्याच्या हातात.

"अहो, पिळा जरा जोरात. चादर आहे, पाहुण्यांचा हात नाही."

तेवढ्यात दार वाजलं. नवऱ्याला सुटकेचं निमित्तच हवं होतं. चादर बादलीत टाकून ते दार उघडायला गेले.

दारात बांधकाम खात्यातली इंजिनिअर उभी होती, काखेत नकाशाची गुंडाळी. वीस वर्षांपूर्वी ती नोकरीला लागली तेव्हा नकाशाच्या खोलीत रेघाताईंच्या शेजारचं टेबल तिला मिळालं होतं. आता साहेबीण झाली तरी तोंडातलं 'ताई' सुटलं नव्हतं. रेघाताई हे नावही त्या खोलीतलंच. एकतीस वर्षं त्यांनी नकाशावर जमिनीच्या सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेघा काढल्या, त्यामुळे खरं नाव पगारपत्रकापुरतंच उरलं.

"ताई, दोन मिनिटांचं काम. एक आकडा पुसट झालाय, तेवढा वाचून द्या. अकरा वाजता सही करायचीय."

टेकडीवर नवा दवाखाना व्हायचा होता. खालच्या रस्त्यापासून तिथवर चाकाची खुर्ची ढकलत नेता येईल अशी वाट हवी होती. डावीकडची वाट लांब, उजवीकडची निम्मी. इंजिनिअरने उजवीकडची धरली होती आणि वरिष्ठांसमोर त्यासाठी चांगलीच भांडलीही होती.

"डावीकडे रेघा बघा, दोन-दोन सेंटीमीटरवर. उजवीकडे चार-चारवर. रेघा विरळ म्हणजे चढ सौम्य. तुम्हीच शिकवलंत."

"शिकवलं खरं," रेघाताई म्हणाल्या आणि चष्मा शोधू लागल्या. तो डोक्यावरच आहे, हे नवऱ्याने खुणेनं दाखवलं.

नकाशा दोन कागद जोडून केलेला होता. डावीकडची मोजणी नवी. उजवीकडचा कागद जुना, रेघाताईंच्याच हातचा. जोडताना त्याची खालची माहितीची पट्टी कापली गेली होती. त्यांनी आकड्याकडे पाहिलंच नाही. बोट जोडावर ठेवलं आणि खालून वर नेलं.

"ही रेघ कुठे गेली गं?"

"कुठली?"

"ही. डावीकडून आली आणि जोडापाशी मेली. हीसुद्धा. चार मेल्या, पाचवी पलीकडे गेली. परत चार मेल्या." त्यांनी मान वर केली. "उंचीची रेघ अशी मधेच संपते का? एक तर फिरून स्वतःला मिळेल, नाही तर कागदाच्या कडेपर्यंत जाईल."

इंजिनिअर नकाशावर वाकली.

"आणि जोडाच्या अलीकडे रेघा किती दाटत आल्यात बघ. बोट ठेवायला जागा नाही. पलीकडे एकदम ऐसपैस. टेकडी काय तुझा जोड बघून खाली बसली?"

"म्हणजे... दोन रेघांमधलं अंतर एक मीटरचं नाही?"

"उंचीतला फरक डावीकडे एक मीटरचा, माझ्या कागदावर पाचाचा. तेव्हा तेवढंच काढायला सांगायचे. खालची रेघ सहाशे दहाची, म्हणजे तुझा पुसट आकडा सहाशे अकरा नाही, सहाशे पंधरा आहे. हिशेब कर."

नकाशावर एक सेंटीमीटर म्हणजे जमिनीवर दहा मीटर. इंजिनिअर पुटपुटत राहिली. डावीकडे वीस मीटर चालल्यावर एक मीटर चढ. उजवीकडे चाळीस मीटरला पाच. म्हणजे आठाला एक. चाकाच्या खुर्चीला निदान बाराला एक तरी हवा.

"बाप रे! अहो, मी त्याला सौम्य म्हणत होते."

"खुर्ची ढकलणारा वर पोचेपर्यंत त्यालाच दाखल करावं लागलं असतं," नवरा म्हणाला.

"तुम्ही चादर पिळा."

इंजिनिअरला हसू आलं नाही. "मी सगळ्यांसमोर हट्ट धरला होता, ताई. आता काय तोंडाने सांगू?"

"ह्याच. रेघा मोजल्या, त्यांच्यात उंचीचा फरक किती ते पाहिलं नाही, असं सांग. आज सही करू नकोस. माझा कागदही तीस वर्षांचा आहे. मधे कोणी माती काढली असेल, भर घातली असेल. दोन्ही वाटांवर पुन्हा उंची मोजून घे, मग ठरव."

इंजिनिअरने तिथेच फोन काढला. कार्यालयातल्या कुणाला तरी म्हणाली, "माझी चूक झालीये. अकराची सही नको. उद्या सकाळी मोजणीची माणसं टेकडीवर पाठवा, मी येतेय." पलीकडून बरंच काही आलं असावं. ती फक्त "हो, हो, ऐकलं" म्हणत राहिली. मग फोन ठेवून तिने नकाशा गुंडाळला.

रेघाताईंनी गुंडाळीवर हात ठेवला.

"एक काम करशील? तेव्हा आम्हा बायकांना मोजणीवर पाठवत नसत. आकडे यायचे, आम्ही टेबलावर रेघा काढायचो. मी काढलेली एकही टेकडी मी पाहिलेली नाही. उद्या जाताना मला घेऊन जा."